गाण्यात भलतंच ऐकू येतं, ते का: गळणारा ‘अ’ आणि शब्दांचे सांधे

प्रश्न: मी नागपुरात भाषाशास्त्रात एमए करते आहे. गणपतीच्या दिवसांत लोक आरत्या आणि गाणी चुकीची ऐकतात, त्याचे नमुने गोळा करून प्रकल्प करायचा विचार आहे. सलग बोलण्यातून आपण शब्द कसे वेगळे काढतो हे अशा नमुन्यांवरून खरंच सिद्ध करता येतं का? की नुसती गंमत होईल? करायचं तर नेमकं कसं?

उत्तर:

करता येतं, पण शब्द मोजून नाही, सांधे मोजून. ऐकणाऱ्याने दोन शब्दांमधला सांधा कुठे नसताना घातला आणि कुठे असताना पुसला, या दोनच गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. कोणत्या शब्दाऐवजी कोणता ऐकू आला हा वेगळा विषय आहे. गंमत बहुतेक त्याच्यातच असते, म्हणून गोळा करणारे तिथेच अडकतात.

आधी इंग्रजीतलं मूळ काम पाहा, कारण तुमची पद्धत तिथून येणार. १९९२ मध्ये अ‍ॅन कटलर आणि सॅली बटरफील्ड यांनी ऐकण्यातल्या चुका दोन मार्गांनी जमवल्या: रोजच्या बोलण्यात सहज झालेल्या, आणि प्रयोगशाळेत जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू आवाजात वाक्यं ऐकवून घडवलेल्या. त्यांचं एक वाक्य होतं ‘कंडक्ट असेंट्स अपहिल’. ते एकाला ऐकू आलं ‘द डॉक्टर सेंड्स हर बिल’. आता आघात कुठे आहेत बघा. मूळ वाक्यात ‘डक्ट’, ‘सेंट्स’ आणि ‘हिल’ ही अक्षरं ठाशीव आहेत, आणि तिन्हींपैकी एकानेही शब्द सुरू होत नाही. ऐकणाऱ्याने या तिन्हींच्या आधी नवा सांधा घातला: डॉक्टर, सेंड्स, बिल. उलट ‘असेंट्स’च्या सुरुवातीचं फिकट ‘अ’ त्याने मागच्या शब्दाला चिकटवून टाकलं. चुका अशाच एका दिशेने झुकत होत्या: ठाशीव अक्षराआधी सांधा घातला जातो, फिकट अक्षराआधीचा पुसला जातो. याचं कारण इंग्रजीच्या शब्दसंग्रहात आहे. बोलण्यात येणारे अर्थवाही शब्द सुमारे ९० टक्के वेळा ठाशीव अक्षराने सुरू होतात, हे कटलर आणि कार्टर यांनी १९८७ मध्ये मोजून दाखवलं होतं. म्हणजे ऐकणारा अंदाधुंद चुकत नाही. त्याच्या भाषेत बहुतेक वेळा बरोबर ठरणारी एक पैज तो लावतो, आणि ती क्वचित हरतो.

ही पैज तशीच मराठीला लावू नका. मराठीत आघाताने शब्दाची सुरुवात इंग्रजीसारखी ठळक होत नाही. फ्रेंच आणि जपानी श्रोत्यांवर झालेल्या कामातही हेच निघालं, की प्रत्येक भाषेचा श्रोता आपल्या भाषेच्या लयीतलं माप वापरतो. मग मराठीचं माप कोणतं? माझ्या मते शोधायची जागा एकच आहे: गळणारा ‘अ’.

आपण ‘घर’ लिहितो आणि ‘घर्’ म्हणतो. ‘नवरी’ लिहितो आणि ‘नव्री’ म्हणतो, ‘कामना’ लिहितो आणि ‘काम्ना’ म्हणतो. शब्दाच्या शेवटचा ऱ्हस्व ‘अ’ बोलण्यात जातोच. मधलाही बहुधा जातो, जर त्याच्या आधी स्वर आणि एकच व्यंजन असेल आणि पुढेही एकच व्यंजन आणि स्वर असेल. शब्दाच्या पहिल्या अक्षरातला ‘अ’ मात्र कधीही गळत नाही. याला अपवाद आहेत. ‘मित्र’, ‘भव्य’ अशा जोडाक्षरानंतर शेवटचा ‘अ’ हलका राहतो. ‘वंदना’त ‘द’च्या आधी ‘न्’ आहे, म्हणून तिथलाही टिकतो. तरी एकूण हिशोब असा निघतो, की बोलण्यात मोकळं, ऱ्हस्व ‘अ’चं अक्षर कानावर आलं तर तिथे नवा शब्द सुरू झाला असण्याची शक्यता बरीच मोठी असते. आणि ‘अ’ गळलेला ऐकू आला तर आपण शब्दाच्या आत किंवा शेवटाला आहोत. मराठी श्रोत्यासाठी हा फुकट मिळणारा सांध्याचा खुणेचा दगड आहे. श्रोता तो खरंच वापरतो की नाही, हेच तुमच्या प्रकल्पात तपासण्यासारखं आहे.

इथे गाणं कामी येतं, कारण गाण्यात हा दगड उचलून बाजूला ठेवलेला असतो. वृत्तात आणि तालात लिहिलेला प्रत्येक ‘अ’ मात्रा म्हणून मोजला जातो आणि गाणारा तो उच्चारतो: घ-र, न-व-री, का-म-ना. बोलण्यात ज्या ओळी एका क्षणात वेगळ्या पडतात त्या गाताना अक्षरशः एकच होतात.

याचं सर्वात स्वच्छ उदाहरण व्याकरणाच्या पुस्तकात सभंग श्लेषाखाली हमखास दिलेलं असतं. शीतलोपचाराने दमयंती शुद्धीवर येते आणि हळूच म्हणते, ‘औषध नलगे मजला’. ती म्हणते ‘नल गे’, म्हणजे बाई गं, माझं औषध नळराजा. आईला ऐकू येतं ‘न लगे’, औषध नको, आणि ती ‘बरें’ म्हणून मान डोलावते. कवीने चुकीचं ऐकणं पद्यातच घडवून ठेवलं आहे. दुसरं असंच, रुक्मिणीच्या तोंडचं: श्रीकृष्ण नवरा तर ‘मी नवरी’, शिशुपाल नवरा तर ‘मी न वरी’. (दोघीही विदर्भाच्या राजकन्या. नागपूरच्या प्रकल्पाला याहून योग्य सुरुवात सापडणार नाही.)

आता हीच वाक्यं गाऊ नका, साधी बोलून पाहा. ‘नल गे’ बोलताना ‘ल’चा ‘अ’ शब्दाच्या शेवटी आहे म्हणून गळतो: नल्-गे, दोन अक्षरं. ‘न लगे’ बोलताना तोच ‘ल’ शब्दाच्या सुरुवातीला आहे म्हणून टिकतो: न-ल-गे, तीन अक्षरं. ‘नवरी’ होते नव्-री, ‘न वरी’ राहते न-व-री. म्हणजे बोलण्यात हे श्लेष जवळजवळ मोडतात. आईची चूक होण्यासाठी दमयंतीला पद्यात बोलावं लागतं.

आणखी एक गोष्ट या दोन्ही उदाहरणांत लपलेली आहे. दोन्हींमध्ये ‘न’ आहे, आणि हा योगायोग नाही. ऐकणारा ओळीचे तुकडे पाडतो तेव्हा शिल्लक राहणारा प्रत्येक तुकडा त्याला शब्द म्हणून चालावा लागतो. इंग्रजीत नॉरिस, मॅकक्वीन, कटलर आणि बटरफील्ड यांनी १९९७ मध्ये हे दाखवलं. अर्थहीन ध्वनिसमूहात लपलेला ‘अ‍ॅपल’ शोधायला सांगितला तर ‘फॅपल’मध्ये तो कठीण जातो, कारण उरलेला नुसता ‘फ्’ शब्द होऊ शकत नाही. ‘वफॅपल’मध्ये सोपा जातो, कारण ‘वफ्’ निदान शब्द असू शकला असता. मराठीत एकट्या ऱ्हस्व ‘अ’च्या अक्षराचे सुटे शब्द मोजून काही आहेत: न, व, लाडिक ‘ग’, जोर देणारा ‘च’, असे. त्यातला वाक्यात कुठेही बसणारा म्हणजे ‘न’. म्हणून मराठीतले सभंग श्लेष ‘न’भोवती गोळा होतात. दुसऱ्या टोकाला ‘गे’ शिल्लक राहतो, आणि तोही चालायला हवा. पुण्यामुंबईच्या तरुण कानाला ‘गे’ जुन्या कवितेतला वाटेल. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी रस्त्यावर असते. तुमच्या श्रोत्यांना ‘नल गे’ सापडणं त्यामुळे सोपं जाईल. हा परिणाम ‘अ’चा समजू नका, तो शब्द ओळखीचा असण्याचा आहे.

आता गणपतीकडे. तुम्ही जमवायला लागाल तेव्हा पहिल्याच दिवशी ‘फळीवर वंदना’ येणार. मूळ ओळ ‘लंबोदर पीतांबर फणिवरबंधना’. ती नीट उलगडून पाहू, कारण प्रत्येक नमुन्याची चिरफाड अशीच करायची आहे.

गायलेली अक्षरं आधी मांडा: लं-बो-द-र, पी-तां-ब-र, फ-णि-व-र-बं-ध-ना. एकूण १५. पंधरा अक्षरांमध्ये १४ जागा, जिथे सांधा असू शकतो. समास एकच शब्द धरला तर त्यातल्या दोन जागी खरा सांधा आहे आणि १२ जागी नाही. म्हणजे या ओळीत सांधा चुकून घालायच्या संधी १२ आणि चुकून पुसायच्या संधी फक्त दोन. नुसत्या चुका मोजल्या तर ‘लोक सांधे घालतात फार, पुसतात कमी’ असा निष्कर्ष आपोआप निघेल आणि तो निव्वळ खोटा असेल. म्हणून प्रत्येक आकडा संधींनी भागायचा. त्या १२ जागांचेही दोन गट करा. पुढचं अक्षर मोकळ्या ऱ्हस्व ‘अ’चं आहे अशा जागा सात (द, र, ब, र, व, र, ध) आणि इतर पाच (बो, तां, णि, बं, ना). आपला अंदाज सांगतो, की पहिल्या गटात सांधे जास्त घातले जावेत, कारण गाण्यात परत आलेला ‘अ’ श्रोत्याला शब्दारंभासारखा भासतो.

‘फळीवर वंदना’त काय झालं? एक सांधा घातला गेला, ‘बं’च्या आधी, म्हणजे दुसऱ्या गटात. आपल्या अंदाजाच्या विरुद्ध. पण थांबा. ‘वर’ हा प्रत्ययासारखा चिकटणारा शब्द आहे. तो तुम्ही वेगळा शब्द धरलात तर ‘व’च्या आधीही एक सांधा घातला गेला, आणि तो पहिल्या गटात जातो. एकाच नमुन्याचा निकाल तुमच्या या निर्णयावर बदलतो. म्हणून शब्दयोगी अव्ययं आणि विभक्तिप्रत्यय (वर, खाली, ला, ने, चा) सुटे मोजायचे की जोडून, हे नमुने बघायच्या आधी कागदावर लिहून तारीख टाका. मी जोडून मोजा म्हणेन, कारण लिहिताना आणि बोलताना मराठी माणूस ते जोडूनच घेतो.

आणखी दोन गोष्टी या एका चुकीत मिसळल्या आहेत. पहिली ताल. बहुतेक ठिकाणच्या चालीत ‘फणिवर’पाशी लय सुटते आणि ‘बं’वर नवा ठोका येतो. टाळीने दाखवलेला सांधा श्रोत्याने घेतला, तर त्यात त्याच्या भाषाज्ञानाचं श्रेय काही नाही. प्रत्येक ओळीवर टाळ्यांच्या खुणा करून ठेवल्याशिवाय हे वेगळं काढता येत नाही, आणि चाल मंडळागणिक बदलते. तेव्हा खुणा पुस्तकावरून न करता त्या मंडळाच्या ध्वनिमुद्रणावरून करा.

दुसरी गोष्ट लोकांच्या हमखास नजरेतून सुटते. याच कडव्याच्या शेवटी ‘सुरवरवंदना’ आहे. ‘-वरवंदना’ हा साचा श्रोत्याच्या कानात वर्षानुवर्षं बसलेला आहे. मग पहिल्या ओळीतल्या ‘-वरबंधना’चा ‘-वरवंदना’ झाला, तर ‘ब’ आणि ‘ध’ चुकीचे ऐकू आले असं म्हणता येत नाही. शेवटची ओळ पुढे सरकली इतकंच. व्यंजनांबद्दल या नमुन्यातून उरतो तो फक्त ‘ण’चा ‘ळ’. तो पटण्यासारखा आहे, कारण दोन्हींना जीभ मागे वळते आणि दोन्ही घोष आहेत. म्हणजे मराठीतला सगळ्यात प्रसिद्ध नमुना पुरावा म्हणून बराच कमकुवत निघाला. इंग्रजीतही तेच आहे. अशा चुकांना ‘मॉन्डेग्रीन’ हे नाव सिल्व्हिया राइट यांच्या १९५४ च्या लेखामुळे मिळालं. लहानपणी ऐकलेल्या एका लोकगीतात ‘लेड हिम ऑन द ग्रीन’ त्यांना ‘लेडी मॉन्डेग्रीन’ असं ऐकू आलं होतं. तिथे ठाशीव ‘ग्रीन’च्या आधीचा खरा सांधा पुसला गेला आहे, कटलरच्या नियमाच्या सरळ उलट. प्रसिद्ध चुका गमतीदार म्हणून प्रसिद्ध होतात, नेहमीच्या म्हणून नाही.

यावरून जमवण्याचे नियम निघतात. ‘फळीवर वंदना’ शंभर जणांनी सांगितली तरी तो तुमच्या वहीत एक नमुना आहे, कारण त्यातल्या बहुतेकांचा कान स्वतः चुकलेला नाही, त्यांनी त्या चुकीवरचा विनोद ऐकलेला आहे. खरी चूक ओळखायची खूण म्हणजे तिच्यात अर्थ अर्धवट राहतो. बनवलेल्या विडंबनात ओळ सबंध अर्थपूर्ण लागते आणि सगळ्यांकडे शब्द न् शब्द तोच असतो. लहान मुलांकडून आलेले, अर्धे निरर्थक, एकमेकांशी न जुळणारे नमुने सोन्यासारखे समजा. ‘संकटी पावावे’चं ‘संकष्टी पावावे’ करणारे खूप भेटतील. तिथे सांधा हललेला नाही, एका शब्दाच्या जागी चतुर्थीचा ओळखीचा शब्द आला. तो नमुना लिहून ठेवा, पण सांध्यांच्या मोजणीत घेऊ नका.

प्रत्येक नमुन्यापुढे चार गोष्टी हव्यातच: गायलेली ओळ अक्षरं सुटी करून, ऐकलेली ओळ त्याच पद्धतीने, सांगणाऱ्याने मूळ ओळ छापील कधी पाहिली होती का, आणि घरात बोली कोणती. शेवटच्या दोन गोष्टींशिवाय नमुना टाकून द्या. छापील पाहिलेल्या माणसाचा कान त्याच्या डोळ्याने दुरुस्त केलेला असतो. आणि ‘ऐकलेली ओळ लिहून द्या’ एवढ्यावर थांबू नका, अर्थ विचारा. देवनागरी लिहिताना लोक मोकळी जागा वाटेल तिथे सोडतात. ‘का मना’ जोडून लिहिणाऱ्याला ‘मना, का?’ असाच अर्थ लागलेला असू शकतो.

एवढं करूनही जमवलेले नमुने प्रश्न उभा करतात, उत्तर देत नाहीत, कारण त्यांना बोलण्याची बाजू नसते. गाण्यात ‘अ’ परत येतो तसा सूरही बदलतो, ऱ्हस्वदीर्घ ताणले जातात, ताल घुसतो. चूक यातल्या कशाने झाली हे आरतीवरून कधीच कळणार नाही. म्हणून एक छोटा प्रयोग जोडा. त्याचा गाभा म्हणजे अशा जोड्या, ज्यात दोन्ही फोडी चालतात आणि फरक फक्त ‘अ’चा आहे.

‘का मना’ आणि ‘कामना’ ही चांगली जोडी आहे. बोलताना का-म-ना आणि काम्-ना. गाताना दोन्ही का-म-ना. ओळ अशी घ्या, की दोन्ही बसावेत: ‘सांग का मना उदास’, ‘सांग कामना उदास’. दुसरी, जरा गमतीची: ‘आजीला कर वंदना’ आणि ‘आजीला करवंद ना’. बोलताना पहिली कर्-वं-द-ना, चार अक्षरं. दुसरी कर्-वंद्-ना, तीन अक्षरं. गाताना दोन्ही क-र-वं-द-ना, पाच. ‘न वरी’ आणि ‘नवरी’ तर आहेच.

याच्यासमोर वेगळ्या प्रकारच्या जोड्या हव्यात, जिथे सांधा हलतो पण ‘अ’ला त्याचं काही देणंघेणं नाही. ‘तो रण जिंकी’ आणि ‘तोरण जिंकी’ घ्या. सांधा ‘ओ’नंतर आहे. ‘रण’चा शेवटचा ‘अ’ दोन्हीकडे बोलताना गळतो आणि गाताना येतो. म्हणजे बोला की गा, ‘अ’ या दोन ओळींत फरक करतच नाही. सगळा प्रयोग या तुलनेवर उभा आहे.

दोन्ही प्रकारच्या मिळून २४ ओळी करा आणि तेवढ्याच साध्या, संशय न येणाऱ्या ओळी मध्ये पेरा. प्रत्येक ओळ एकाच आवाजात तीन प्रकारे मुद्रित करा: सहज बोलून, एकसुरी पण प्रत्येक ‘अ’ उच्चारून, आणि एकाच साध्या चालीत गाऊन. मधला प्रकार सोडू नका. त्यात ‘अ’ परत आला आहे पण सूर नाही, म्हणून दोघांची कामं वेगळी पडतात. श्रोत्यांचे तीन गट करा, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येक ओळ एकाच प्रकारात ऐकू येईल, आठ-आठ ओळी प्रत्येक प्रकाराच्या. एका गटात दहा तरी माणसं असावीत. एकाच माणसाला ‘का मना’ बोललेलं आणि मग गायलेलं ऐकवलं तर दुसऱ्या वेळी तो ऐकत नाही, आठवतो.

मुद्रण झालं की Praat या ध्वनिविश्लेषणाच्या संगणकीय प्रोग्राममध्ये उघडून पाहा. ‘सहज बोलून’ म्हटलेल्या ‘कामना’त ‘म’ आणि ‘ना’च्या मध्ये स्वराच्या गडद आडव्या पट्ट्या दिसायला नकोत, ‘का मना’त दिसायला हव्यात. सुशिक्षित वाचक माइकसमोर बसला की छापील शब्द स्पष्ट उच्चारायला लागतो आणि गळायचा ‘अ’ गळत नाही. मग तुमचे पहिले दोन प्रकार एकच होऊन बसतात. ओळ वाचून दाखवायला न देता अर्थ सांगून म्हणायला लावलं तर हे टळतं.

ऐकवताना आवाज इतका हळू ठेवा, की पेरलेल्या साध्या ओळींतले निम्मेअधिक शब्द लागतील पण सगळे नाहीत. त्याहून मोठा ठेवला तर चुका होतच नाहीत, लहान ठेवला तर लोक अंदाजाने काहीही सांगतात. ही पातळी दोन-तीन वेगळ्या माणसांवर आधी ठरवून घ्या. काम इयरफोनवर करा आणि खोलीतला कूलर बंद ठेवा. चालू कूलरच्या आवाजात पातळी तुमच्या हातात राहत नाही आणि ती खोलीगणिक बदलते.

निकालाचं वाचन असं. ‘का मना’ गटात गोंधळ बोलण्यात कमी आणि ‘अ’ उच्चारलेल्या एकसुरी प्रकारात एकदम जास्त, पण ‘तो रण’ गटात दोन्हीकडे सारखा, असं आलं तर श्रोता ‘अ’च्या गळण्यावरून सांधा ओळखतो हे म्हणायला जागा आहे. दोन्ही गटांत गोंधळ गाण्यातच वाढला आणि एकसुरीत नाही, तर करामत चालीची आहे. एकसुरीतही दोन्ही गटांत सारखाच वाढला, तर माझा अंदाज चुकीचा आहे. अनैसर्गिक उच्चाराने कान बिचकला एवढंच.

दिशाही पाहा. आपला अंदाज म्हणतो, की गाण्यात ‘कामना’चं ‘का मना’ होणं उलट्यापेक्षा जास्त असावं. इथे एक खड्डा आहे. जो शब्द नेहमीचा, तो ऐकू येण्याकडे कानाचा कल असतोच. ‘नवरी’ रोजचा शब्द आहे, ‘न वरी’ पुस्तकी. तिथे शब्दाची सवय ‘अ’च्या विरुद्ध ओढते आणि परिणाम शून्यावर येऊ शकतो. म्हणून दोन्ही फोडी साधारण सारख्या ओळखीच्या आहेत का, हे वेगळ्या दहाबारा जणांकडून आधी विचारून घ्या आणि फार कलंडलेल्या जोड्या गाळा. आकडे मांडताना प्रत्येक माणसाचा एकच आकडा काढा: ‘अ’च्या ओळींतल्या चुकांचं प्रमाण वजा दुसऱ्या ओळींतल्या चुकांचं प्रमाण. तीस जणांच्या सगळ्या चुका एका ढिगात टाकून काय-वर्ग चाचणी लावली, तर एकाच माणसाच्या दहा चुका दहा माणसांच्या वाटतात आणि परीक्षक पहिल्या पानावर अडवेल.

घरच्या बोलीचा रकाना का हवा म्हटलं तेही सांगतो. वऱ्हाडी बोलणाऱ्या घरात ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा बरेचदा ‘य’: ‘कोण’चं ‘कोन’, ‘डोळे’चं ‘डोये’. अशा कानाला ‘फणिवर’ आणि ‘फळीवर’ एवढे जवळचे वाटायचं कारण नाही, कारण त्याच्याकडे एक ‘फनी’ आहे आणि दुसरी ‘फयी’. शहरातल्या प्रमाण मराठी घरांपेक्षा तिथे ही विशिष्ट चूक कमी मिळायला हवी. मात्र त्यासाठी शाळेची पुस्तकं हातात यायच्या आधीच्या वयाची मुलं लागतील. सहा-सात वर्षांच्या पुढे छापील आरती आणि शाळेतली मराठी दोन्ही मध्ये येतात.

हिंदी गाणी या प्रकल्पात घेऊ नका, नागपुरात कितीही मिळाली तरी. हिंदीतही ‘अ’ गळतो, आणि इथल्या श्रोत्याच्या डोक्यात दोन्ही भाषांचे शब्द एकाच वेळी जागे असतात. ‘कर’, ‘मन’, ‘ना’ हे तुकडे दोन्हीकडे चालतात. चूक झाली तर ती मराठी सवयीने झाली की हिंदी, हे कोणत्याच रकान्यातून कळणार नाही.